नख टोकाकडून सुटतं तेव्हा

निलंगा तालुक्यात सोयाबीनची काढणी आणि दिवाळीची आवराआवर ही दोन्ही कामं एकमेकांना लागूनच येतात. दिवसभर हातात विळा, वाळलेल्या शेंगांची टोकं बोटांना टोचलेली, आणि घरी आल्यावर डबे-भांडी घासायची, फरशी धुवायची, वाकळा भिजवायच्या. असे महिना-दीड महिना गेले की एखाद्या बाईच्या लक्षात येतं, की आपल्या नखाचं टोक नेहमीपेक्षा जास्तच पांढरं दिसतंय. आधी पांढरी कड दोऱ्याएवढी बारीक होती, आता ती आत आत सरकली आहे. दुखत नाही, सूज नाही, पू नाही. आत मळ गेला असेल असं वाटून ती साडीची पिन किंवा काडी घालून कोरते. मळ थोडा निघतो, पण पांढरा भाग आणखी आत जातो.

नखाचं टोक खालच्या कातडीपासून असं सुटण्याला वैद्यकात ओनिकोलायसिस म्हणतात. नाव अवघड असलं तरी हा स्वतंत्र रोग नाही, ती एक खूण आहे. तिच्यामागे भांड्यांचं पाणी असू शकतं, घट्ट बूट असू शकतात, मुरुमांवरची गोळी असू शकते आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा आजारही असू शकतो. कारण कोणतं हे बऱ्याचदा नखांकडे नीट पाहूनच निम्मंअर्धं कळतं. मात्र त्यासाठी नख बोटाला कशाने धरलेलं असतं ते आधी समजून घ्यायला हवं.

नख तयार होतं ते मुळाशी, कातडीच्या घडीखाली. अंगठ्यावर जो पांढुरका अर्धचंद्र दिसतो, तो या कारखान्याचा बाहेर डोकावणारा भाग. तिथून नखाची कडक पाती पुढे सरकत राहते आणि सरकताना खालच्या गुलाबी गादीला चिकटलेली असते. पातीच्या खालच्या बाजूला आणि गादीच्या वरच्या बाजूला लांबीच्या दिशेने बारीक पन्हळी असतात. त्या एकमेकींत अडकून बसतात, म्हणूनच नख पुढे वाढतं पण उचललं जात नाही. बोटाच्या टोकाशी, जिथे नख गादी सोडून मोकळं होतं, तिथे कातडीची एक बारीक सीलबंद पट्टी असते. पाणी, साबण, धूळ आणि जंतू यांना आत शिरू न देणं हे तिचं काम. ही पट्टी एकदा फाटली की तिच्यामागे हवा शिरते. निरोगी नख गुलाबी दिसतं ते गादीतल्या रक्तामुळे. मध्ये हवेचा थर आला की प्रकाश वरच्यावरच परततो आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. म्हणजे नख पांढरं झालेलं नसतं. त्याच्याखाली पोकळी झालेली असते.

या रचनेतून एक गोष्ट ओघानेच येते, आणि उपचाराची सगळी मदार तिच्यावरच आहे: सुटलेलं नख पुन्हा चिकटत नाही. कोणतंही मलम, तेल किंवा गोळी ते परत खाली बसवू शकत नाही. मुळाकडून येणारी नवी पाती मात्र गादीला धरूनच पुढे येते, वाटेत कोणी तिला उचकटलं नाही तर. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत यायला जवळपास सहा महिने. पायाच्या नखाचा वेग याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. पिनने कोरणाऱ्या बाईची चूक इथेच होते. नवी पाती रोज केसाएवढी पुढे येते आणि पिन तिला एका झटक्यात दोन मिलिमीटर मागे सोडवते.

निलंग्यासारख्या गावात सर्वांत जास्त दिसणारं कारण म्हणजे पाणी आणि घासणं. नख पाणी शोषून फुगतं, वाळलं की आकसतं. दिवसातून दहा-पंधरा वेळा हे झालं की टोकाची पट्टी सैल पडते. भांड्यांचा साबण आणि कपड्यांचा सोडा तिच्यातली नैसर्गिक स्निग्धता काढून टाकतात. त्यात नख लांब असेल तर तरफेसारखं काम होतं: काथ्याने तवा घासताना टोकावर पडलेला जोर थेट चिकटलेल्या भागाच्या कडेला उचकटतो. या प्रकारात उजव्या हाताची, कामाच्या बोटांची नखं जास्त सुटतात. डावखुरी असेल तर डाव्या हाताची. पांढरा भाग स्वच्छ असतो, गादीशी त्याची कड सरळ आणि गुळगुळीत असते. नख जाड होत नाही, त्यावर खड्डेही नसतात.

पायाची गोष्ट वेगळी. कोजागरी पौर्णिमेला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची या भागात मोठी परंपरा आहे. वर्षभर चपला वापरणारा माणूस त्या वेळी नवे बूट घालतो, आणि उतारावर प्रत्येक पावलागणिक अंगठा किंवा त्याच्या शेजारचं लांब बोट बुटाच्या टोकावर आदळतं. एकच मोठा घाव नसतो, हजारो लहान धक्के असतात. परतल्यावर नख निळं-काळं दिसतं, म्हणजे खाली रक्त साकळलेलं असतं, आणि काही आठवड्यांनी टोकाकडून सुटू लागतं. दोन्ही पायांची सारखीच नखं सुटली, आणि आधी लांब चाल झाली होती, तर वेगळं कारण शोधण्याची सहसा गरज नसते. पुढच्या चालीला बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे बूट आणि सरळ, आखूड कापलेली नखं पुरतात.

सुटलेल्या नखाखालची जागा ओली आणि अंधारी असते. तिथे स्यूडोमोनास नावाचा जिवाणू वस्तीला आला की नख हिरवं किंवा हिरवट काळं पडतं. हा रंग त्या जिवाणूने तयार केलेल्या रंगद्रव्याचा असतो. रंग बघून घरचे घाबरतात, काही जण बुरशी समजून मलम लावत बसतात. खरं तर सुटलेला भाग कापून जागा कोरडी ठेवली, आणि डॉक्टरांनी सांगितलेले प्रतिजैविक थेंब घातले, तर तो बहुतेक वेळा आटोक्यात येतो. पातीत मुरलेला डाग मात्र नख वाढेल तसाच पुढे जातो. यीस्ट ही बुरशीही अशा पोकळीत बरेचदा सापडते, पण ती बहुधा मागून आलेली पाहुणी असते. नख तिने सोडवलेलं नसतं.

म्हणूनच नुसतं सुटलेलं नख पाहून बुरशीच्या गोळ्या सुरू करणं बरोबर नाही. खऱ्या बुरशीत नख जाड होतं, पिवळट पडतं, खाली भुगा साठतो, आणि बहुतेक वेळा सुरुवात पायाच्या नखाने होते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्याही असतात. खात्री करायची तर डॉक्टर सुटलेलं नख कापून, सर्वांत आतल्या टोकाशी असलेला भुगा खरवडून पोटॅशच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. वरवरचा मळ दिला तर तपासणी फसते. बुरशीच्या गोळ्या हाताच्या नखांसाठी साधारण ६ आठवडे आणि पायाच्या नखांसाठी १२ आठवडे घ्याव्या लागतात आणि त्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो. अंदाजावर एवढं करण्याची गरज नाही.

सोरायसिसची ओळख कडेवर असते. सुटलेल्या पांढऱ्या भागाच्या आतल्या बाजूला लालसर-तपकिरी पट्टा दिसतो, नखाखाली तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग असतो, आणि पातीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात. अशा वेळी डॉक्टर डोक्याची कातडी, कोपरं आणि गुडघे बघतात. नखावरून सुरू झालेली विचारपूस तिथे संपते.

उन्हाचं कारण मराठवाड्यात आवर्जून विचारायला हवं. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक मुरुमांसाठी, तसंच काही तापांमध्ये दिलं जातं. ते घेत असताना भर उन्हात काम झालं तर दोन-चार आठवड्यांनी अनेक नखांची टोकं एकदम सुटू शकतात, आणि ही नखं चांगलीच दुखतात. सुटलेल्या भागाची कड गोल, अर्धचंद्रासारखी असते. बाकीची बोटं सुटली तरी अंगठा बरेचदा वाचतो, कारण हात सैल ठेवला की अंगठ्याच्या नखावर ऊन कमी पडतं. मुरुमांच्या गोळ्या चालू असलेली तरुण मुलगी मे महिन्यात शेतात हळद किंवा भाजीपाल्याच्या कामाला गेली, तर तिला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. गोळी थांबली, हात झाकले, की नखं पुन्हा नीट येतात.

नख कुठून सुटतंय, टोकाकडून की मुळाकडून, हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव परिसराने नुकतंच दाखवलं. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत तिथल्या अनेक गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गळून टक्कल पडलं. काही महिन्यांनी, एप्रिलमध्ये, त्यांतल्याच काही जणांची नखं विद्रूप झाली, तडकली आणि काहींची गळून पडली. महाडमध्ये विंचूदंशावर आयुष्यभर काम केलेले, मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले आणि तपासण्यांनंतर त्यांनी मांडलं, की रेशनच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य धोकादायक प्रमाणात होतं. त्यांच्या तपासणीत गव्हाच्या किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळलं. रक्तात, लघवीत आणि केसांतही ते वाढलेलं होतं, तर रक्तातलं जस्त कमी होतं. या गावांत जे घडलं त्यात बिघाड मुळाशी, म्हणजे नख तयार होण्याच्या जागीच झाला होता. केस आधी, नखं महिन्यांनंतर हा क्रमही त्याला जुळतो, कारण मुळाशी झालेली इजा नख पुढे सरकल्यावरच दिसते. एकाच गावात, एकाच काळात, अनेकांची नखं मुळाशी बिघडली तर खाण्यापिण्यातलं किंवा औषधातलं काहीतरी शोधावं लागतं. टोकाकडून सुटणारं नख सहसा असा गावभरचा प्रश्न नसतो. ते एका माणसाच्या हाताची किंवा शरीराची गोष्ट सांगतं.

आता थायरॉइड. त्यासाठी निलंग्यातल्याच घरातली चाळिशीच्या आसपासची एक बाई डोळ्यांपुढे आणू. ही कोणा एकीची हकिकत नाही, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या बायकांचं मिळून केलेलं उदाहरण आहे. तिच्या दोन्ही हातांच्या अनामिकांची नखं सुटली आहेत, त्यानंतर करंगळ्यांची सुरू झाली आहेत. सुटलेल्या भागाची आतली कड सरळ नाही, नागमोडी आहे, आणि कितीही धुतलं तरी तिथला मळ निघत नाही. पाण्यातलं काम करणाऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आधी सुटायला हवीत, आणि उजवा हात जास्त. इथे दोन्ही हात सारखे आहेत आणि सुरुवात अनामिकेपासून झाली आहे. नेमकी अशी नखं थायरॉइड जास्त काम करत असताना दिसतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये थायरॉइडवर काम केलेल्या हेन्री प्लमर (१८७४–१९३६) यांच्या नावाने ती प्लमरची नखं म्हणून ओळखली जातात. थायरॉइड वाढलेल्या शंभरांतल्या साधारण पाच जणांतच ती आढळतात. त्यामुळे नखं चांगली असली म्हणून थायरॉइड चांगलं असं म्हणता येत नाही. पण नखं अशी असतील तर थायरॉइड तपासायलाच हवं.

डॉक्टर नखांवरून नजर वर नेतात. “काकू, वजन कमी झालंय का?” तर झालंय, भूक वाढली असूनही. साडीचं ब्लाऊज सैल झालंय. छातीत धडधडतं, हात पुढे धरला की बोटं बारीक थरथरतात. घरात सगळ्यांना गार वाटतं तेव्हा तिला घाम येतो. पाळी कमी झाली आहे, झोप लागत नाही, आणि घरचे म्हणतात की चिडचिड वाढलीय. नाडी बसल्या बसल्या मिनिटाला ११० च्या पुढे. गळ्यावर, कंठमण्याखाली, दोन्ही बाजूंना सारखीच फुगलेली ग्रंथी हाताला लागते. यांतलं एकही लक्षण सांगायला ती आलेली नव्हती. ती नखं दाखवायला आली होती. बाकीचं सगळं तिने वयाच्या आणि कामाच्या खात्यात जमा केलेलं होतं.

मग रक्ताची तपासणी: टीएसएच आणि मोकळं टी-४. टीएसएच हा मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचा हुकूम, थायरॉइडला काम कर म्हणून सांगणारा. थायरॉइड स्वतःहून जास्त काम करू लागली की हुकमाची गरज उरत नाही, म्हणून टीएसएच जवळजवळ शून्यावर जातं आणि टी-४ वाढतं. पण अहवाल हाती घेण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि नखांच्या रुग्णाला तर तो चुकवताच येत नाही: केस-नखांसाठी कुठली गोळी चालू आहे का?

बाईने ती घेतलेली असते. नखं खराब झाली की दुकानातून बायोटिनची गोळी आणली जाते, बहुधा ५ किंवा १० मिलिग्रॅमची. शरीराला रोज लागणारं बायोटिन काही मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे ही मात्रा गरजेच्या शेकडो पट. ते शरीराला विषारी नाही. अडचण प्रयोगशाळेत होते. थायरॉइडच्या अनेक चाचण्या बायोटिन आणि त्याला घट्ट पकडणारं एक प्रथिन यांच्या जोडीवर चालतात. रक्तातच भरपूर बायोटिन असलं की ती जोडी बिघडते, आणि यंत्र टीएसएच खोटंच कमी व टी-४ खोटंच जास्त दाखवतं. काही पद्धतींत थायरॉइडला चेतवणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणीही खोटीच वाढलेली येते. थायरॉइड ठणठणीत असलेल्या बाईचा अहवाल हुबेहूब आजारी बाईसारखा दिसतो, आणि कुणीतरी तिला नको असलेलं औषध सुरू करू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. उपाय सोपा आहे: रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायचं, मोठी मात्रा असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून जास्त, आणि प्रयोगशाळेत तसं सांगायचं. सुटलेलं नख बायोटिनने चिकटत नाही हे वेगळंच.

आपल्या उदाहरणातली बाई गोळी थांबवते आणि पुन्हा रक्त देते. अहवाल तसाच येतो, शिवाय धडधड, थरथर आणि फुगलेला गळा हे सगळं त्याच दिशेने बोट दाखवत असतं. निदान पक्कं होतं. निलंग्याच्या सरकारी रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन पन्नासेक किलोमीटरवरच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येतं. तिथे ग्रंथी कोणत्या कारणाने वाढली आहे ते तपासून उपचार ठरतो. बऱ्याच वेळा सुरुवात कार्बिमाझोलच्या गोळ्यांनी होते, धडधड कमी करायला वेगळी गोळी काही दिवस जोडीला असते. टी-४ बहुतेकांचं महिना-दोन महिन्यांत उतरतं. टीएसएच मात्र आणखी काही महिने खालीच रेंगाळतं, त्यामुळे लवकर घाबरून मात्रा वाढवायची नसते. गोळ्या साधारण वर्ष-दीड वर्ष चालतात. त्या चालू असताना ताप आला, घसा जोरात दुखू लागला किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या, कारण क्वचित त्या अचानक घटतात. दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर ते आधीच सांगायला हवं, औषध बदलावं लागतं.

थायरॉइड मंदावल्यावरही नखं कधी कधी सुटतात, लोह कमी असलं तरी सुटू शकतात. म्हणून हिमोग्लोबिनची तपासणीही त्याच वेळी करून घेणं शहाणपणाचं. पण एकच नख, एकाच बोटाचं, महिनोन्‌महिने सुटलेलं राहिलं, खालून रक्त येत असेल, मांस वाढल्यासारखं वाटत असेल किंवा नखात रुंद होत जाणारी काळी रेघ असेल, तर थायरॉइडचा विचार बाजूला ठेवून ते नख लवकर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं. तिथे गाठ किंवा कर्करोग असू शकतो, आणि कधी कधी तुकडा काढूनच ते कळतं. पायाच्या अंगठ्याच्या एका नखाखाली हाडाची वाढ असेल तर एक्स-रेमध्ये दिसते.

कारण काहीही असो, नखाची काळजी सारखीच. सुटलेला भाग जेवढा सहज कापता येईल तेवढा बारीक कापायचा, पांढरा भाग संपेपर्यंत, पण ओढून नाही. खाली पिन, काडी, ब्रश काहीही घालायचं नाही. भांडी घासताना आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे, कारण नुसत्या रबरी मोज्यात घाम साठून बोट ओलंच राहतं. हात धुतल्यावर नखाची कड कोरडी पुसायची. नेलपॉलिश आणि नखांवरची मेंदी काही महिने नको. त्यांच्याखाली कड पुढे सरकतेय की मागे, हे दिसत नाही.

ते पाहायला एक सोपी पद्धत आहे. महिन्यातून एकदा, त्याच उजेडात, नखाचा फोटो काढायचा आणि गुलाबी भाग किती लांब झाला ते बघायचं. आपल्या बाईच्या अनामिकेवर उपचार सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात फारसा फरक दिसणार नाही, कारण ग्रंथी अजून शांत झालेली नसते. तिसऱ्या महिन्यापासून गुलाबी कड दरमहा दोन-तीन मिलिमीटर पुढे यायला हवी. तसं होत नसेल तर कोरणं चालू आहे का, पाणी टळलं का, की कारणच दुसरं आहे, हे पुन्हा तपासावं लागतं. आणि नख वर्षानुवर्षं सुटलेलं राहिलं असेल तर उघडी पडलेली गादी साध्या कातडीसारखी टणक होते. तिला नव्या नखाला धरून ठेवता येत नाही. अशा बोटावर थायरॉइड आणि कामाची पद्धत दोन्ही सुधारल्यावरही गुलाबी भाग आधीइतका लांब होत नाही, नख आखूडच चिकटतं.